क्यूसीत नवीन लागले, शिकवायला कोणीच नाही : कोणाला विचारावे आणि कशावर सही करावी?

मांडवीची_मुलगी

नमस्कार. मी वडोदऱ्याची. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर शहराबाहेरच्या एका औषध कंपनीत, गोळ्या आणि कॅप्सूल बनतात तिथल्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले आहे. पहिल्या दिवशी एचआरने ओळखपत्र, एप्रन आणि सेफ्टी शूज दिले, आगीच्या वेळी कोठे जमायचे त्याची चित्रफीत दाखवली आणि प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आणून सोडले. तेव्हापासून मला कोणी वाली नाही.

ज्या वरिष्ठ केमिस्टने मला शिकवायचे ठरले होते त्यांनी मी येण्याच्या सुमारासच राजीनामा दिला आणि ते आता नोटीसचे दिवस भरत आहेत. टीमलीडर सर येऊ घातलेल्या ऑडिटच्या कामात बुडालेले असतात; सकाळी मला पाहून "एसओपी वाचा" असे सांगतात आणि कंपनीची बस सुटेपर्यंत पुन्हा दिसत नाहीत. मी कागदपत्रांच्या खोलीत बसून त्या एसओपी, म्हणजे प्रत्येक काम कसे करायचे त्याच्या लेखी कार्यपद्धती, वाचते. औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या नावाचा लॉगिन अजून बनलेला नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. परवा डॉक्युमेंटेशनच्या बेन सुमारे चाळीस एसओपींची प्रशिक्षण-नोंद घेऊन आल्या आणि सर्वांवर मी रुजू झाले त्या आठवड्याची तारीख घालून सही करा म्हणाल्या; ती करावी का? शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी अगदी चांगल्या मनाने म्हणाला की माझ्या लॉगिनवरून रन लाव, म्हणजे हात बसेल. तसे करावे का? आणि ज्या ठिकाणी प्रत्येकजण घाईत आहे तिथे रोज उठणाऱ्या शंका नेमक्या कोणाला विचाराव्यात? मी दोन्ही गोष्टींना "उद्या सांगते" एवढेच म्हणून वेळ मागून घेतली आहे.

आकडेमोड_इंदूर

मी इंदूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे तुमच्या प्रयोगशाळेतले मला कळत नाही, परंतु पहिल्या महिन्यातली ही अवस्था सगळीकडे सारखीच असते. एक वही ठेवा आणि उठेल ती शंका लगेच लिहून टाका. दिवसाअखेर त्यातल्या ज्यांची उत्तरे स्वतः शोधता आली त्या खोडा आणि उरलेल्या तीन-चार घेऊन टीमलीडरकडे ठरलेल्या वेळी दहा मिनिटे मागा. दर अर्ध्या तासाने एक प्रश्न घेऊन जाणाऱ्याला लोक टाळतात, पण एकदम चार नेमके प्रश्न आणणाऱ्याला सहसा कोणी परत पाठवत नाही.

सौ_रावपुरा

माझ्या मुलाचेही असेच झाले होते. त्याला महिनाभर खुर्चीसुद्धा दिली नव्हती. इतका त्रास होत असेल तर सोडून दुसरीकडे पाहावे, वडोदऱ्यात कंपन्यांना तोटा नाही. तब्येतीपेक्षा नोकरी मोठी नाही.

मांडवीची_मुलगी

काकू, आपुलकीबद्दल आभार. नोकरी सोडण्याचा विचार नाही, काम मला आवडते आहे. ते मला नीट शिकायला मिळावे एवढेच हवे आहे.

छाणी_जकातनाका

ताई, सही करून टाका. मी गेली आठ वर्षे प्रॉडक्शनमध्ये आहे आणि प्रत्येक नव्या माणसाची अशीच सही होते, ती एक औपचारिकता आहे. कायद्याने नव्या माणसाला तीस दिवसांचे प्रशिक्षण दिल्याशिवाय कामाला लावता येत नाही, म्हणून कंपनी ती तारीख मागे घालून घेते. ऑडिटर फक्त सही आहे की नाही एवढेच पाहतो. लॉगिनचे मात्र टाळा, त्यात लोक अडकलेले मी पाहिले आहेत.

निवृत्त_गुणवत्ता

मी वडोदऱ्याच्या आसपासच्या कारखान्यांत क्यूसी आणि पुढे क्यूए, म्हणजे गुणवत्ता हमी, या दोन्ही ठिकाणी काम करून निवृत्त झालो आहे. छाणी_जकातनाका यांचे लॉगिनबद्दलचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे, सहीबद्दलचे तितकेच चूक आहे, आणि तीस दिवसांचा असा कोणताही कायदा नाही. आपल्या औषध नियमांतले शेड्यूल एम असो की अमेरिकन नियमावलीतले कलम २११.२५ असो, दोन्हींचा रोख असा की माणसाला त्याच्या नेमून दिलेल्या कामाचे प्रशिक्षण असले पाहिजे आणि त्याची नोंद असली पाहिजे. दिवस किती, हे प्रत्येक कंपनी आपल्या प्रशिक्षणाच्या एसओपीत स्वतः ठरवते, आणि एकदा तिथे लिहिले की ते तिला बंधनकारक होते. तेव्हा त्या चाळीस एसओपींमधून सर्वांत आधी प्रशिक्षणाची एसओपी शोधून काढा. तुमच्या बाबतीत काय व्हायला हवे होते ते सगळे तिच्यात लिहिलेले सापडेल.

आता सही. ऑडिटर नुसती सही पाहत नाही, तो तारखा जोडून पाहतो. एक एसओपी पंधरा पानांची धरली तर चाळीस एसओपींची सहाशे पाने होतात. ती सगळी एका-दोन दिवसांत वाचून समजल्याची नोंद दिसली की तो त्यातलीच एखादी एसओपी उघडतो, तुम्हाला समोर बसवतो आणि विचारतो की तिसऱ्या परिच्छेदातली ही पायरी तुम्ही कशी कराल. तिथे अडखळलात तर निरीक्षण कंपनीवर निघते, पण खाली सही तुमची असते. म्हणून सही करायला नकार देऊ नका. जी एसओपी खरोखर वाचली आणि समजली तिच्यावर, ज्या दिवशी सही करता त्या दिवसाचीच तारीख घालून सही करा. उरलेल्या परत देताना "या वाचायच्या राहिल्या आहेत, रोज तीन-चार पूर्ण करून देते" एवढे शांतपणे सांगा. डॉक्युमेंटेशनच्या बेनना त्यांची यादी पुढे सरकायला हवी असते. सरकते आहे असे दिसले की त्या भांडत नाहीत.

लॉगिनच्या बाबतीत मात्र मधला मार्ग नाही. दुसऱ्याच्या नावाने एकही रन लावू नका, वॉश सुद्धा लावू नका. सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमध्ये नाव आणि वेळ दोन्ही राहतात आणि गेटवरची हजेरीही राहते. ज्याच्या नावाने संध्याकाळी सात वाजता इंजेक्शन पडले तो सहा वाजताच गेटबाहेर गेला होता, हे जुळवून पाहणारे ऑडिटर मी समोर बसून पाहिले आहेत. त्या वेळी चांगल्या मनाने मदत करणारा तो सहकारीही वाचत नाही. आज तुम्ही नाही म्हणालात तर त्यात त्याचेही हित आहे.

आकडेमोड_इंदूर यांची वहीची सूचना चांगली आहे, पण आमच्या धंद्यात तिला एक अट लागते. प्रयोगशाळेच्या आत सुटी वही, चिठ्ठी, हातरुमालासारखा घडी केलेला कागद, काहीही चालत नाही. ऑडिटर एप्रनच्या खिशातही डोकावतो. वही बाहेर आपल्या टेबलावर किंवा घरी ठेवा, तिच्यात फक्त शंका लिहा. वजन, वाचन, शिखराचे क्षेत्रफळ, बॅच नंबर यांतले काहीही तिच्यात उतरवू नका, कारण अशा वहीला कच्ची नोंद लपवल्याचा पुरावा समजतात.

आकडेमोड_इंदूर

वहीला अशी बाजू असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. आमच्याकडे लिहून ठेवण्याचे कौतुक होते.

लष्करवासी

मी मूळची ग्वाल्हेरच्या लष्करची, लग्नानंतर वडोदऱ्याला आले आणि अशाच प्रयोगशाळेत लागले. मला तर भाषेचाही प्रश्न होता. शिफ्ट बदलताना मंडळी गुजरातीत भराभर बोलून निघून जात आणि त्या बोलण्यातच दिवसभराची खरी माहिती असे, म्हणजे कोणत्या मशीनचा पंप आवाज करतो आहे, कोणता बफर आज संपवायचा आहे. मांडवीची_मुलगी, तुला गुजराती येत असणार, तेव्हा त्या पंधरा मिनिटांत मुद्दाम तिथे उभी राहा. पहिल्या महिन्यात मी जे शिकले त्यातले बरेचसे त्याच वेळेत शिकले.

नुसते "एसओपी वाचा" का पुरत नाही ते सांगते. माझ्याबरोबर लागलेल्या एका मुलाला पहिल्याच महिन्यात रात्रपाळीला एकटे ठेवले. रन संपल्यावर कॉलम धुवायचा होता आणि एसओपीत "योग्य द्रावकाने कॉलम धुवावा" इतकेच लिहिले होते. मोबाइल फेजमध्ये फॉस्फेट बफर होता. त्याने पुस्तकात वाचल्याप्रमाणे कॉलम ॲसिटोनायट्राइलमध्ये ठेवायचा म्हणून बफरनंतर थेट शंभर टक्के ॲसिटोनायट्राइल सोडले. फॉस्फेटचे क्षार त्यात विरघळत नाहीत, ते आतल्या आत पांढरे होऊन बसले. नेहमी दीड हजार पीएसआयच्या आसपास असणारा दाब चार हजारांच्या वर गेला आणि पंप बंद पडला. आधी भरपूर पाणी आणि थोडे ॲसिटोनायट्राइल असलेल्या मिश्रणाने अर्धा तास धुवून बफर बाहेर काढायचा आणि मगच ॲसिटोनायट्राइल वाढवत न्यायचे, हे तिथल्या प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक होते, म्हणूनच ते कोणी लिहून ठेवले नव्हते. मेमो मात्र त्या मुलाला मिळाला. मला अजूनही त्याचा राग येतो.

छाणी_जकातनाका

हे वाचून वाईट वाटले. तीस दिवसांचे मला आमच्या एचआरने सांगितले होते, ते बहुधा आमच्याच एसओपीतले असावे. तरीही मला वाटते की नव्या मुलीने तारखेवरून डॉक्युमेंटेशनशी वाद घातला तर प्रोबेशनमध्ये तिच्यावर खूण बसते. सगळ्याच ठिकाणी निवृत्त_गुणवत्ता यांच्यासारखे वरिष्ठ नसतात.

पीथमपूरकर

मी पीथमपूरला एका औषध कारखान्यात क्यूसीत टीमलीडर आहे, त्यामुळे या धाग्यावर ज्याच्याबद्दल बोलणे चालले आहे त्या खुर्चीवर मी बसतो. टीमलीडरची बाजू सांगतो, समर्थन म्हणून नव्हे, तर त्याला कसे गाठायचे हे तुम्हाला कळावे म्हणून.

नवा माणूस येणार हे पुष्कळदा आम्हाला तो गेटवर आल्यावरच कळते. पद मंजूर झालेले असते सहा महिन्यांपूर्वी, माणूस येतो ऑडिटच्या तोंडावर. ज्याला शिकवायला सांगावे तो सर्वांत अनुभवी केमिस्ट असतो, आणि नेमके त्याच्याच नावावर सर्वाधिक नमुने लागलेले असतात. त्याने दोन तास शिकवले म्हणून त्याचे दोन नमुने कोणी कमी करत नाही. तो मनाने वाईट नसतो. शिकवण्याला त्याच्या कामाच्या तक्त्यात रकानाच नसतो. मी आता नव्या माणसाबरोबर शिकवणाऱ्याचे नावही रोजच्या नियोजनाच्या तक्त्यात लिहितो आणि त्या दिवशी त्याला एक नमुना कमी देतो. तेवढ्याने फरक पडतो, पण महिनाअखेरीला माल पाठवण्याची घाई सुरू झाली की हा रकाना सर्वांत आधी खोडला जातो, हेही खरे आहे.

तेव्हा मांडवीची_मुलगी, टीमलीडरकडे "मला कोणी शिकवत नाही" असे म्हणून जाऊ नका. ते त्यांना ठाऊक असते आणि त्यावर त्यांच्याकडे उत्तर नसते. "उद्या अमुक सर डिझोल्यूशन लावणार आहेत, मी सुरुवातीपासून शेजारी उभी राहू का?" असे विचारा. याला हो म्हणायला काही खर्च लागत नाही. आणि जे वरिष्ठ नोटीसवर आहेत त्यांना अजिबात सोडू नका. त्यांना नवे नमुने देणे कमी होते, शेवटच्या दिवसांत त्यांच्याकडे वेळ असतो आणि बहुतेक माणसांना आपले माहीत असलेले कोणाला तरी देऊन जावेसे वाटते.

निवृत्त_गुणवत्ता

पीथमपूरकरांचा शेवटचा मुद्दा लाख मोलाचा आहे. त्या वरिष्ठांना विचारायचे प्रश्नही सांगतो. "मला एचपीएलसी शिकवा" म्हणू नका, ते त्यांनाही सुरू कोठून करावे कळणार नाही. "या मेथडमध्ये आतापर्यंत काय बिघडले आहे?" असे एकेका मेथडबद्दल विचारा. लष्करवासी यांनी सांगितलेली कॉलमची गोष्ट अशाच प्रश्नाच्या उत्तरात बाहेर येते.

आणखी एक उदाहरण देतो. मेथडमध्ये लिहिलेले असते की वीस मिनिटे सोनिकेट करून खुणेपर्यंत भरा. सोनिकेटरमधून निघालेला फ्लास्क कोमट असतो. तो तसाच खुणेपर्यंत भरला की थंड झाल्यावर पातळी खुणेच्या खाली जाते, द्रावण ठरल्यापेक्षा तीव्र होते आणि मिथेनॉलसारख्या द्रावकात निकाल टक्काभर किंवा त्याहून थोडा वर येऊ शकतो. जुने केमिस्ट न सांगता फ्लास्क थंड होऊ देतात. नव्याला ते कोणी सांगितले नाही की तो चुकीच्या जागी, वजनात आणि गणितात, चूक शोधत बसतो.

मांडवीची_मुलगी

सर्वांचे मनापासून आभार. इथे वाचून जे केले ते सांगते.

प्रशिक्षणाची एसओपी काढून वाचली. तिच्यात लिहिले आहे की नवा माणूस रुजू झाला की एचआरची सूचना क्यूएच्या प्रशिक्षण समन्वयकाकडे जाते, ते विभागप्रमुखांकडून त्या माणसाचे कामाचे वर्णन आणि प्रशिक्षणाची यादी भरून घेतात, शिकवणाऱ्याचे नाव त्या यादीवरच असते आणि त्यानंतर लॉगिनची विनंती निघते. मी ती एसओपी हातात घेऊन समन्वयकांकडे गेले आणि माझी यादी कोणाकडे आहे एवढेच विचारले. त्यांनी शोधले तेव्हा कळले की माझ्या सूचनेवर विभागाच्या जागी क्यूसीऐवजी आर अँड डी पडले होते. तिकडच्या विभागप्रमुखांनी "अशी कोणी आमच्याकडे नाही" असा शेरा मारून कागद परत पाठवला होता आणि तो एचआरच्या फायलीत पडून होता. म्हणजे इतके दिवस क्यूएच्या लेखी मी क्यूसीत आलेच नव्हते, म्हणून यादी नाही, शिकवणारा नाही आणि लॉगिनही नाही. टीमलीडर सर समजत होते की हे सगळे क्यूएकडे चालू आहे.

आता यादी भरली आहे. सह्या मी त्या-त्या दिवसाच्याच तारखेने करते आहे. डॉक्युमेंटेशनच्या बेन पहिल्या दिवशी नाराज झाल्या, पण रोजच्या तीन एसओपी परत मिळू लागल्यावर काही बोलल्या नाहीत. नोटीसवरचे वरिष्ठ दुपारच्या चहानंतर मला तासभर देतात. डिझोल्यूशनमध्ये नमुना ओढताना फिल्टरमधून येणारे पहिले काही मिलिलिटर का टाकून द्यायचे, हे मी काल त्यांच्याकडून शिकले. सुरुवातीला फिल्टरच थोडे औषध धरून ठेवतो आणि तो भाग घेतला तर गोळी कमी विरघळल्याचा खोटा निकाल येतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. तो सहकारी आपला लॉगिन आता दुसऱ्या एका नव्या मुलाला वापरू देतो असे मला दिसले. मी काय करावे?

निवृत्त_गुणवत्ता

क्यूएला सांगावे. यात मला शंका वाटत नाही. जी गोळी रोग्याच्या पोटात जाणार तिचा निकाल कोणी काढला हे कागदावर खरे असले पाहिजे.

पीथमपूरकर

मला इथे थोडे वेगळे वाटते. क्यूएकडे गेले की तपास सुरू होतो, त्या नावाखालचे जुने सगळे रन उघडतात आणि नवी मुलगी पहिल्याच महिन्यात सर्वांच्या तोंडी होते. आधी त्या सहकाऱ्याशी आणि त्या मुलाशी बोलावे, मग टीमलीडरशी. तो मुलगा तसे करतो कारण त्यालाही शिकवणारा आणि लॉगिन मिळालेला नाही. त्याची यादी कोठे अडकली आहे ते आधी पाहावे.

निवृत्त_गुणवत्ता

यादीचे पाहावेच. परंतु बोलण्यात आठवडा गेला आणि त्या आठवड्यात एखादी बॅच त्या निकालावर बाहेर पडली, तर ती परत कशी आणणार, एवढे पीथमपूरकरांनी मला सांगावे.

लष्करवासी

दोन्ही कामे एकाच दिवसात होऊ शकतात. सकाळी त्या मुलाला समन्वयकांकडे घेऊन जा, तुला आता रस्ता माहीत आहे. तो सरावाची इंजेक्शने देत होता की खऱ्या बॅचचे नमुने लावत होता, हेही त्याच वेळी कळेल. खऱ्या बॅचचे असतील तर त्याच दुपारी टीमलीडरला सांगावेच लागेल, त्यात थांबता येणार नाही.

मांडवीची_मुलगी

उद्या सकाळी त्याला घेऊन जाते. शेवटचा प्रश्न विचारते : माझ्या यादीत शेवटी "ॲनालिस्ट क्वालिफिकेशन" लिहिले आहे. त्यात नेमके काय करून घेतात?

निवृत्त_गुणवत्ता

आधीच तपासून निकाल लागलेल्या एखाद्या बॅचचा नमुना तुम्हाला देतात. तुम्ही त्याच्या सहा स्वतंत्र तयारी करून ॲसे, म्हणजे औषधाचे प्रमाण, काढता. मग दोन गोष्टी पाहतात : तुमचे सहा निकाल एकमेकांच्या किती जवळ आहेत आणि तुमची सरासरी जुन्या केमिस्टच्या सरासरीपासून किती दूर आहे. दोन्हींसाठी दोन टक्क्यांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते. तुमच्या कंपनीचा आकडा तिच्या प्रोटोकॉलमध्ये पाहा. समजा जुनी सरासरी ९९.४ आहे आणि तुमची ९८.७ आली, तर फरक ०.७ म्हणजे उत्तम. सहा निकाल ९७ ते १०१ असे विखुरले तर तुमचा हात अजून स्थिर नाही. वजन आणि नमुना मिसळणे पाहा. सहाही एकमेकांजवळ आले आणि तरी सगळे सारखेच खाली किंवा वर असतील तर बहुधा स्टँडर्डच्या वजनात किंवा त्याच्या विरलीकरणात चूक आहे.

आणि एक लक्षात ठेवा. ते वरिष्ठ जाण्याआधी ही परीक्षा उरकून घ्या म्हणून कोणी घाई केली, तर आधी त्यांच्या देखरेखीखाली एकदा पूर्ण तयारी करून पाहायला मागा. ही परीक्षा कागदावर नापास झाली की कारण शोधून लिहावे लागते आणि प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागते, त्यात जाणारा वेळ या एका दुपारपेक्षा पुष्कळ जास्त असतो.

छाणी_जकातनाका

आमच्या प्रॉडक्शनमध्ये परवा दोन नवी मुले आली आहेत. त्यांच्या सूचनेवर विभाग कोणता लिहिला आहे ते उद्या एचआरकडे जाऊन पाहतो.